दमलेल्या टीमचे आभार मानताना

समजा, एका सहकारी बँकेने सगळी खाती नव्या संगणकप्रणालीत नेली. काम झाले, पण शाखेतली माणसे आणि आयटीवाले एकमेकांशी धड बोलेनासे झाले. अशा वेळी ‘आपण एक कुटुंब’ म्हटले की लोक माना खाली घालतात. त्यापेक्षा व्यवस्थापकाने नेमके काम सांगावे: ‘न जुळणाऱ्या शिलका शाखेतल्या मंडळींनी रात्री बसून तपासल्या, म्हणून सकाळी काउंटर वेळेवर उघडले.’ मग ताणाचे कारण: ‘मुदत मी ठरवली, ती तोकडी होती. त्यातूनच खटके उडाले.’ कोणाचे कोणाशी वाजले, हे चारचौघांत काढू नये; त्यासाठी दोघांना वेगळे बसवावे. शेवटी बदली रजेच्या तारखा जाहीर कराव्यात, नाहीतर आभार कोरडेच राहतात.