बोगदा तुटल्यावर वाट खरंच बंद होते का?

व्हीपीएन मध्येच तुटलं, तरी इंटरनेट बंद पडत नाही. खरी गोम इथेच आहे. ओपनव्हीपीएनचं उदाहरण घ्या. सगळी वाहतूक आपल्या बोगद्यातून न्यायची असली, तरी ते बहुधा वाय-फायची मूळ वाट पुसत नाही. तिच्यावर वरचढ ठरणाऱ्या दोन नव्या वाटा टाकतं. प्रोग्राम अचानक बंद पडला की बोगद्याबरोबर त्या वाटाही जातात आणि सगळं मूळ वाटेने वाहू लागतं. पडद्यावर काहीच बदलत नाही. समोरच्या संकेतस्थळाला मात्र तुमचा खरा आयपी पत्ता दिसू लागतो.

किल स्विच ही मूळ वाट फायरवॉलने अडवतो. वाय-फायवरून फक्त व्हीपीएन सर्व्हरकडे जाणारी पॅकेट सोडायची, बाकीची अडवायची, एवढाच नियम. बोगदा असो वा नसो, तो लागू राहिला पाहिजे.

तो राहतो का, हे अ‍ॅपमधलं डिस्कनेक्टचं बटण दाबून कळत नाही. बरीच अ‍ॅप तुम्ही स्वतः जोडणी तोडलीत की अडसरही काढून घेतात. वाय-फाय बंद करूनही उपयोग नाही, कारण मग गळायला वाटच उरत नाही. वाय-फाय चालू ठेवून बोगदाच पाडायला हवा.

लिनक्सवर एका खिडकीत वाय-फायवर पहारा बसवा. `wlan0` च्या जागी तुमच्या वाय-फायचं नाव घाला. ते `ip link` ने कळतं.

```
sudo tcpdump -ni wlan0 host 1.1.1.1
```

दुसऱ्या खिडकीत `ping 1.1.1.1` चालवा. बोगदा शाबूत असेपर्यंत पहाऱ्याच्या खिडकीत काही उमटत नाही. आता तिसऱ्या खिडकीतून व्हीपीएन मारा आणि `ping` नव्याने सुरू करा:

```
sudo pkill -9 openvpn
```

हे आधी किल स्विच बंद ठेवून करा. पहाऱ्याच्या खिडकीत ओळी धावू लागल्या, तर गळती पकडण्याची तुमची रीत बरोबर आहे. मग व्हीपीएन पुन्हा जोडा, स्विच चालू करा आणि तेच करा. या वेळी एकही ओळ दिसता कामा नये. उत्तर येत नाही म्हणजे वाट अडली, असं समजू नका: पॅकेट बाहेर पडूनही उत्तर वाटेत हरवू शकतं. म्हणून निकाल `ping` वर नव्हे, पहाऱ्यावर ठरवा.

घरच्या जोडणीला आयपीव्ही६ असेल, तर दोन्ही आज्ञांत `2606:4700:4700::1111` हा पत्ता घालून पुन्हा तपासा. काही स्विच फक्त जुन्या आयपीव्ही४ ची वाट अडवतात.

अँड्रॉइडमध्ये व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये `Block connections without VPN` हा पर्याय असतो. तो लावल्यावरही, इंटरनेट चालू आहे का हे पाहणारी फोनची स्वतःची विचारणा व्हीपीएनबाहेरून जाऊ शकते. अ‍ॅपची वाहतूक तो अडवतो. वाय-फाय देणाऱ्याला फोनचा मागमूसही लागणार नाही, असं मात्र समजू नये.