पळसाचं पान, फोटो आणि लाकडी ठसा

किनवटच्या जंगलात फोटो काढायला पळसाइतकं सोपं झाड दुसरं नाही. पानं तीनच, मोठी, मधली शीर ठळक. असं एक पान मोबाईलमध्ये टिपून त्याची सलग नक्षी करायची आणि ती लाकडी ठशानं सुती कापडावर छापायची, असं अनेकांच्या मनात येतं. मात्र काही समजुती सुरुवातीलाच दूर केल्या नाहीत, तर ठसा कोरून आल्यावर पैसे पाण्यात जातात.

गैरसमज : फोटो जितका बारीक तपशिलाचा, तितका ठसा सुंदर.

एक ठसा म्हणजे एक रंग. लाकूड जिथं उंच राहिलं तिथं रंग लागतो, कोरून काढलं तिथं लागत नाही. फिकट आणि गडद यांच्या मधलं काही ठशाला छापता येत नाही. म्हणून फोटोतल्या उजेड-सावलीचा उपयोग फक्त आकार ओळखण्यापुरता. पान पांढऱ्या कागदावर सपाट ठेवा, सावलीत बरोबर वरून फोटो घ्या, आणि मोबाईल पानाच्या फार जवळ नेऊ नका, नाहीतर मधलं पर्ण फुगलेलं दिसतं. GIMP मध्ये `Colors > Threshold` वापरून फोटो निव्वळ काळा-पांढरा केला की पानावर शिरांचं जाळं उमटतं. पडद्यावर ते फार देखणं दिसतं, पण कोरायला तेच घातक ठरतं. खरं पान वीतभर असतं, नक्षीत आपण ते पाच सेंमीवर आणतो, आणि शिरा केसाएवढ्या होतात. तेवढी बारीक लाकडी भिंत तुटते, आणि दोन शिरांमधली फट रंगानं भरून जाते.

यासाठी मी एक मिलीमीटरची मर्यादा पाळते. इंचाला 300 पिक्सेल धरले तर एक मिलीमीटर म्हणजे साधारण 12 पिक्सेल. रेघ असो वा फट, त्याहून बारीक काही ठेवायचं नाही. मधली शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या पाच-सहा शिरा हातानं पुन्हा काढायच्या, बाकीचं जाळं पुसायचं. बाजूची दोन पर्णं मात्र थोडी तिरपी असतात, ती तशीच ठेवा. त्यांना सारखं केलं की ते पळसाचं पान राहत नाही.

गैरसमज : चौकोनाच्या कडा जुळल्या की नक्षी सलग झाली.

कडा जुळवायची रीत सोपी आहे. 1400 बाय 1400 पिक्सेलचा चौकोन घ्या; छापल्यावर तो जवळपास 12 सेंमीचा होतो. मधोमध पानं मांडा, कडा रिकाम्या ठेवा. मग `Layer > Transform > Offset` मध्ये दोन्ही बाजूंना 700 देऊन `Wrap around` निवडा. कडा मध्यभागी येतात आणि जिथं पोकळ जागा होती, तिथं नवी पानं काढता येतात. काही जण चौकोन आरशासारखा उलटवून कडा जुळवतात. सांधा जातो खरा, पण दर दोन पानांमागं समोरासमोरची जोडी दिसू लागते आणि झाडाचा मोकळेपणा हरवतो.

आता तोच चौकोन तीन बाय तीन मांडून दुरून बघा. एका चौकोनात न दिसलेली पोकळी इथं आडव्या पट्ट्यासारखी कापडभर धावते. तिथं एखादी कळी किंवा देठ टाकावा लागतो.

गैरसमज : पडद्यावर सलग, म्हणजे कापडावरही सलग.

सगळ्यात जास्त ठसे इथंच फसतात. संगणक चौकोन शेजारी ठेवताना एक पिक्सेलही चुकत नाही. छपाई करणारा माणूस मात्र ठशाच्या कोपऱ्यातल्या खुणेच्या ठिपक्यावर नजर ठेवून हातानं ठसा ठेवतो; एखादा मिलीमीटर इकडंतिकडं होणारच. चौकोनाची सरळ कड पानाच्या पोटातून गेली असेल, तर त्या पानावर एकतर पांढरी फट दिसते, नाहीतर रंग दोनदा लागून गडद रेघ उमटते. पुढं तीच रेघ ओळीनं प्रत्येक ठशाशी दिसते.

म्हणून सलग चौकोन तयार झाल्यावर ठशाची हद्द नव्यानं आखायची. कडेवर येणारं प्रत्येक पान अख्खं एकाच बाजूला द्यायचं: उजव्या कडेवरून बाहेर डोकावणारं पान ठशावर पूर्ण ठेवायचं आणि त्याचा डावीकडं आलेला तुकडा पुसायचा. अशी हद्द नागमोडी होते, ती फक्त मोकळ्या जागेतून जाते. आता मिलीमीटरभर चूक झाली तरी दोन पानांमधलं अंतर तेवढं बदलतं, पान तुटत नाही.

दोन रंग हवे असतील, म्हणजे पळसाचं केशरी फूल आणि त्याचा काळपट देठ, तर दोन ठसे लागतात. तिथं केशरी भाग गडद रेषेच्या खाली अर्धा मिलीमीटर सरकवून ठेवा, म्हणजे मध्ये पांढरी किनार राहत नाही. ठसा कापडावर उलटा उमटतो, त्यामुळं कोरणाऱ्याला आरशातली प्रतिमाच द्यायची, किंवा सुलटी देऊन तसं स्पष्ट लिहायचं. गुजरातमधल्या पेथापूरला सागवानी ठसे कोरणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडं पाठवण्याआधी हे ठरलेलं असावं.

पाठवण्याच्या आधी एक चाचणी कागदावर होते. नक्षीच्या आठ-दहा प्रती खऱ्या मापात छापा, नागमोडी हद्दीवरून कापा आणि जुन्या चादरीवर पट्टी न लावता, भरभर शेजारी मांडा. जिथं नजर अडकते, तिथली पानं सरकवा, आणि मगच कोरायला द्या.