काड्या भरलेल्या, नेट मात्र नाही

आत्याच्या मुलाने न्यू जर्सीहून तिच्यासाठी फोन आणला. तिने जुन्या फोनमधलं सिम त्यात घातलं. कोथरूडच्या घरात टॉवरच्या काड्या लगेच भरल्या, पण वर 4जी दिसायच्या जागी बारीकसा E आला आणि नातवाचा फोटो उघडताना नुसता गोल फिरत राहिला. “अनलॉक करून आणलाय म्हणाला होता की!” आत्या वैतागली.

फोन अनलॉक होताच. पण अनलॉक म्हणजे कुठल्याही कंपनीचं सिम चालेल एवढंच. त्या कंपनीच्या लहरी फोनला ऐकू येतील की नाही, हा प्रश्न निराळा.

मोबाइलच्या लहरींसाठी ठरावीक पट्टे वाटून दिलेले असतात. त्यांना बँड म्हणतात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. भारतात 4जीसाठी जिओ 850, 1800 आणि 2300 मेगाहर्ट्झचे पट्टे वापरतं, म्हणजे बँड 5, 3 आणि 40. एअरटेल 900, 1800, 2100 आणि 2300 वापरतं, म्हणजे बँड 8, 3, 1 आणि 40. आत्याच्या फोनच्या खोक्यातल्या कागदावर 4जीचे बँड होते 2, 4, 5, 12, 13, 66 आणि 71. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या, तर जुळतो तो एकटा 5.

अमेरिकेत पट्टे वेगळे का? तिथे 1990 च्या दशकात मोबाइलला 1900 च्या आसपासची जागा मिळाली. आपण युरोपची 900 आणि 1800 ची वाट धरली. आपला 1800 चा बँड 3 घ्या. त्यात फोन 1710 ते 1785 वर बोलतो आणि टॉवर 1805 ते 1880 वर. अमेरिकेच्या बँड 4 मध्येही फोन 1710 च्या पुढेच बोलतो, पण टॉवरचं उत्तर येतं 2110 च्या पुढे. बोलण्याची जागा जवळपास तीच, ऐकण्याची भलतीकडे. आपला बँड 40 तर तिथे आहे तसा वापरताच येत नाही, कारण त्याच्या मधल्या भागात उपग्रहावरून रेडिओ चालतो.

मग सगळेच बँड फोनमध्ये घालायला काय हरकत? हरकत पैशाची आणि जागेची. बँड 3 सारख्या पट्ट्यात फोन एकाच वेळी बोलतो आणि ऐकतो. स्वतःच्या मोठ्या आवाजात टॉवरची कुजबुज बुडू नये म्हणून प्रत्येक पट्ट्यासाठी तांदळाच्या दाण्याएवढा फिल्टर लागतो. शिवाय अँप्लिफायर आणि अँटेनाही त्या पट्ट्याला साजेसे हवेत. एका देशातल्या एका कंपनीसाठी बनवलेल्या स्वस्त फोनमध्ये परक्या बँडचा फिल्टर कोण बसवेल? आणि जो फिल्टर बसवलेलाच नाही, तो कुठलंही अपडेट आणून देऊ शकत नाही. (कधीकधी भाग असतात, फक्त सॉफ्टवेअरने बंद ठेवलेले असतात. पण त्या आशेवर फोन घेऊ नये.)

आता हा फोन एअरटेलच्या सिमवर चालवून पाहा. 4जीचा एकही बँड जुळत नाही. 3जी तर एअरटेलने 2020 पर्यंत बंदच केलं. उरतं जुनं 2जी, आणि ते 900 व 1800 वर या फोनला पकडता येतं. म्हणून काड्या भरलेल्या दिसतात. त्या काड्या 2जीच्या असतात. E हेच सांगत असतो.

जिओच्या सिमवर चित्र उलटं. 850 जुळतो. कमी फ्रिक्वेन्सीची लहर भिंतींतून बरी शिरते. मोकळ्या हवेतसुद्धा, बाकी सगळं सारखं असेल तर, 2300 च्या लहरीची ताकद फोनपाशी 850 च्या साधारण सातव्या हिश्श्याएवढी उरते. म्हणजे रेंज घरातही टिकेल. पण 850 ची पट्टी अरुंद आहे. गर्दीच्या वेळी बाकीचे फोन 2300 च्या रुंद रस्त्यावर जातात आणि हा गल्लीतच अडकतो. त्यात जिओकडे 2जी-3जी नाही, म्हणून साधा कॉलसुद्धा 4जीवरूनच, व्होल्टीने जातो. फोनमध्ये त्या नेटवर्कसाठी व्होल्टीची सोय नसेल, तर नेट चालेल आणि कॉल लागणार नाही.

युरोपातून आलेल्या एखाद्या फोनची तऱ्हा तिसरीच. 1800 आणि 2300 आहेत, 850 नाही. जिओच्या सिमवर गच्चीत झकास, मधल्या खोलीत गप्प. लोक टॉवरला दोष देतात, पण शेजारी त्याच सिमचा दुसरा फोन धरला की उलगडा होतो.

फोन घ्यायच्या आधी त्याचं नुसतं नाव पाहून भागत नाही. त्याच नावाचा फोन देशोदेशी वेगळ्या मॉडेल क्रमांकाने विकला जातो. आयफोन 6 च्या A1586 मध्ये बँड 40 होता, अमेरिकेतल्या A1549 मध्ये नव्हता. दिसायला दोन्ही एकच. हा क्रमांक सेटिंग्जमध्ये किंवा खोक्यावर मिळतो. त्यावरून बँडची यादी काढायची आणि आपल्या सिमच्या कंपनीच्या बँडशी ताडून पाहायची.

आत्याने शेवटी 850 वर चालणारं सिम घेतलं. फोटो आता उघडतात. रात्री नऊच्या सुमारास मात्र ती घरच्या वायफायवर जाते.