परराज्यातल्या मजुराचे हक्क : भाग ४
उचल, भाडं आणि खोली – पगारातून काय कापता येतं?

गेल्या भागात आपण ठेकेदाराचा परवाना पाहिला. आज पाहू पहिल्या महिन्याचा हिशेब, कारण मजुराचे पैसे बहुतेक वेळा तिथेच जातात.

उदाहरणादाखल नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यातली बारा जणांची टोळी घेऊ. ठेकेदाराने त्यांना हैदराबादला शेकडो मजूर असलेल्या मोठ्या बांधकामावर नेलं. रोज ६०० रुपये ठरले आणि निघताना प्रत्येकाला ८,००० रुपये उचल मिळाली. त्यातले १,००० प्रवासासाठी होते. महिन्यात २६ हजेऱ्या भरल्या, म्हणजे पगार १५,६०० रुपये झाला. ठेकेदाराने त्यातून पूर्ण उचल वळती केली, हजेरीमागे ३० रुपये कमिशन म्हणून ७८० कापले, खोलीचे १,५०० लावले आणि हातावर ५,३२० रुपये ठेवले.

हा हिशेब चुकीचा आहे हे ओळखायला एक सोपी खूण आहे. एका पगारातली एकूण कपात पगाराच्या निम्म्याहून जास्त असता कामा नये, असं वेतन संहिता सांगते. इथे निम्मा पगार ७,८०० आणि कपात १०,२८० आहे. आता एकेक रक्कम पाहू.

उचलीबद्दल नियम स्पष्ट आहे. कामावर लागण्याआधी दिलेली उचल पहिल्या पूर्ण महिन्याच्या पगारातून वळती करता येते, पण प्रवासासाठी दिलेली रक्कम कापता येत नाही. म्हणून इथे वसूल होऊ शकतात ते ७,००० रुपये. अडचण अशी, की मुकादम सगळी रक्कम ‘उचल’ म्हणूनच वहीत मांडतो. त्यामुळे गाव सोडण्यापूर्वीच भाड्याचे पैसे वेगळे लिहून घ्यावेत आणि तिकीट जपून ठेवावं.

कमिशनचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच निकाली काढला. दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामांवर रोजचं किमान वेतन ९ रुपये २५ पैसे होतं. जमादार त्यातला एक रुपया स्वतःकडे ठेवत आणि मजुराच्या हाती ८ रुपये २५ पैसे देत. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही राज्यघटनेच्या कलम २३ ने मना केलेली वेठबिगारी आहे, असं न्यायालयाने ठरवलं. ठेकेदाराला मजूर पुरवण्याचा मोबदला हवा असेल तर तो त्याने कंपनीकडून घ्यावा. मजुराच्या हजेरीवर त्याचा हक्क नाही.

खोलीचं थोडं वेगळं आहे. बांधकाम मजुरांना कामाच्या जागी किंवा जवळ राहण्याची तात्पुरती सोय मोफत द्यावी, असं १९९६ च्या कायद्याने घालून दिलं. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यानेही योग्य निवारा बंधनकारक केला होता. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात स्थलांतरितांच्या सोयींच्या यादीतून निवारा सुटला आहे. म्हणून राहण्याची सोय मोफत आहे, हे नेमणूक पत्रात लिहून घेणं आता जास्त गरजेचं झालं आहे. नेमणूक पत्र देणं मालकाला सक्तीचं आहे.

म्हणजे राहण्याची सोय मोफत ठरलेली असेल, तर ठेकेदाराने कापलेले भाड्याचे १,०००, कमिशनचे ७८० आणि खोलीचे १,५०० असे ३,२८० रुपये परत मागता येतात. हाती यायला हवे होते ८,६०० रुपये.

नव्या संहितेत आणखी दोन बदल ध्यानात ठेवावेत. जुन्या कायद्यात मासिक वेतनाच्या निम्म्याइतका विस्थापन भत्ता मिळे. तो आता नाही. प्रवासभत्ता राहिला आहे. मालकाने वर्षातून एकदा गावी जाण्या-येण्याचं भाडं एकरकमी द्यायचं आहे. त्यासाठी किमान किती काळ काम झालेलं असावं, हे नियमांवरून ठरतं. मात्र हे कलम दहा किंवा अधिक स्थलांतरित कामगार असलेल्या ठिकाणीच लागू होतं. पूर्वी ही मर्यादा पाचची होती. शिवाय महिना १८,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांनाच स्थलांतरित कामगार धरलं जातं. आपली टोळी दोन्ही अटींत बसते.

ठेकेदार फोन उचलेनासा झाला तर? बहुतेक टोळ्या इथेच हार मानून गावी परततात. पण ठेकेदाराने वेतन चुकवलं तर ते देण्याची जबाबदारी ज्याचं काम चालू आहे त्या मूळ मालकावर येते. मालकाने मजुराला पैसे द्यावेत आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करावेत. पैसे थकल्यापासून तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो. त्यासाठी बांधकामावरच्या फलकाचा फोटो काढून ठेवावा, कारण त्यावर मालक कंपनीचं नाव असतं. हजेरीच्या पानाचा फोटो आणि बँकेतल्या जमेची नोंदही हवी. पगार रोखीने देणारा ठेकेदार हीच नोंद टाळत असतो, म्हणून पगार खात्यातच मागावा.

पुढच्या भागात : कामावर अपघात झाला तर भरपाई कोण आणि किती देतो?