नंतर द्यायचा मेहर दरवर्षी हलका का होतो?

निकाहात दहा हजार मेहर ठरला, पण "नंतर देऊ" म्हटलं. आकडा तोच राहतो, मग बायकोचं नुकसान कुठे होतं?

समजा, जव्हारच्या बाजारात तांदूळ 50 रुपये किलो आहे. आज त्या पैशात 200 किलो येतो. वर्षात भाव सहा टक्के वाढला, तर किलोला 53 रुपये पडतील आणि 189 किलोच मिळेल. असाच वाढत गेला, तर बारा वर्षांनी जेमतेम 100 किलो.

भाव वाढला नाही, तरी आज पैसे मिळाले तर ती वावरला शेळी पाळेल, करडं होतील. उशिरा मिळालेल्या पैशात ही कमाई नसते.

म्हणून मेहर लगेच द्या. थांबायचंच असेल, तर निकाहनाम्यात सोनं ग्रॅममध्ये लिहा. सोन्याचा भावही कधी उतरतो. पण ठरलेलं वजन घटत नाही.