एक पान दाव्याचं, बाकीची पुराव्याची

आर्किटेक्टच्या ऑफिसात अर्ज येतो तेव्हा आधी रिझ्युमे उघडला जातो, आणि तोही बरेचदा फोनवर, एका साइटवरून दुसरीकडे जाताना. त्यातलं काही नजरेत भरलं तरच पोर्टफोलिओच्या लिंकवर बोट पडतं. लिंक उघडल्यावर तिथे पुन्हा तेच शिक्षण, त्याच सॉफ्टवेअरांची यादी आणि प्रकल्पाचं तेच चार ओळींचं वर्णन दिसलं, की पाहणारा पुढची पानं भराभर सरकवतो. चांगलं काम अकराव्या पानावर असेल, तर तिथपर्यंत तो पोचतच नाही.

यावर सोपी वाटणी आहे. आकड्यांत आणि नामांत मावतं ते रिझ्युमेत द्यावं. काम कोणतं, किती मोठं, कोणत्या टप्प्यावर, तुमच्याकडे नेमकं काय होतं आणि किती काळ, एवढंच. रेषेशिवाय कळणार नाही ते पोर्टफोलिओत.

समजा, चार वर्षांचा अनुभव असलेल्या एका आर्किटेक्टने शाळेच्या दुमजली इमारतीवर काम केलं आहे. तिच्या रिझ्युमेत लिहिलेलं असतं, ‘निसर्गाशी नातं सांगणारी, मुलांच्या मनाचा विचार करणारी शाळा’. पोर्टफोलिओतही हेच वाक्य, फक्त मोठ्या अक्षरात. खरं तर संकल्पना ऑफिसच्या प्रमुखांची होती, तिने जिन्यांची वर्किंग ड्रॉइंग केली होती. मग रिझ्युमेत सरळ तेच यावं: ‘शाळा इमारत, 2,400 चौ. मी.; जिने व स्वच्छतागृहांची वर्किंग ड्रॉइंग, साइटवर तपासणी; 14 महिने; पोर्टफोलिओ पान 6’. जिना लहान वाटेल म्हणून लाजायचं कारण नाही. ऑफिसला असाच माणूस हवा असतो.

आता सहावं पान. तिथे शाळेची ओळख नको, ती झालेली आहे. तिथे जिन्याचा छेद हवा. दोन मजल्यांमधलं अंतर 3,600 मि.मी., म्हणजे 150 मि.मी.चे 24 रायझर. हिशेब बरोबर आहे. पण मजल्यांवरच्या फरशीची जाडी बेडिंगसकट 75 मि.मी. आणि पायऱ्यांवरच्या कोट्याची 40. काँक्रीटच्या सगळ्या पायऱ्या सारख्याच ओतल्या, तर फरशी बसल्यावर पहिली पायरी 115ची उरते आणि शेवटची 185ची होते. दप्तर घेऊन पळणारं पोर तिथेच अडखळणार. म्हणून ड्रॉइंगमध्ये काँक्रीटचा पहिला रायझर 185 आणि शेवटचा 115 ठेवला, म्हणजे फिनिश झाल्यावर सगळे 150चे होतात. हा छेद, शेजारी त्याच बाजूने काढलेला बांधून झालेल्या जिन्याचा फोटो आणि खाली दोन वाक्यं. ‘बारकाव्यांकडे लक्ष’ हे शब्द मग रिझ्युमेतून खुशाल काढून टाकता येतात. सॉफ्टवेअरचं कौशल्य टक्क्यांत दाखवणाऱ्या त्या रंगीत पट्ट्याही काढाव्यात. ऐंशी टक्के ऑटोकॅड म्हणजे काय, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

काही गोष्टी मात्र दोन्हीकडे हव्यातच. नाव आणि संपर्क, कारण लिंक एकटीच पुढे पाठवली जाते. प्रकल्पाचं नाव अक्षरशः सारखं हवं. रिझ्युमेत ‘शाळा इमारत’ आणि पोर्टफोलिओत काव्यमय शीर्षक असेल, तर वाचणाऱ्याला दुवा जुळत नाही. तुमची भूमिकाही पोर्टफोलिओच्या त्या पानावर एका ओळीत असावी, नाहीतर संपूर्ण इमारत तुमचीच, असा समज होतो आणि मुलाखतीत तो महागात पडतो. ऑफिसची ड्रॉइंग वापरण्याआधी परवानगी घ्यावी, ग्राहकाचं नाव आणि पत्ता झाकावा.

पान क्रमांक देताना पीडीएफमधलं खरं पान मोजावं. मुखपृष्ठ धरलं नाही, तर सहावं पान सातवं होतं. लिंकही फक्त ‘इथे क्लिक करा’ या शब्दांमागे किंवा चित्राच्या चिन्हात दडवू नये. रिझ्युमेची छापील प्रत काढली की ती नाहीशी होते. हाताने टाइप करता येईल इतका छोटा पत्ता अक्षरांत लिहावा.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते परवानगीपाशी. गूगल ड्राइव्हवर फाइल `Restricted` असेल, तर समोरच्याला पोर्टफोलिओऐवजी परवानगी मागण्याचं पान दिसतं, आणि परवानगी मागत बसायला त्याला वेळ नसतो. ते `Anyone with the link` करावं. फाइल बदलायची असेल तर नवी चढवून नवी लिंक करू नये. `Manage versions` मधून त्याच जागी नवी आवृत्ती टाकावी, म्हणजे आधीच पाठवलेल्या रिझ्युमेतली लिंकही नवं काम दाखवते. पानांचा क्रम बदलला असेल, तर मात्र रिझ्युमेतले पान क्रमांक चुकतात. म्हणून नवा प्रकल्प शेवटी जोडावा. अर्ज पाठवण्याआधी रिझ्युमेची पीडीएफ दुसऱ्याच्या फोनवर, मोबाइल डेटावर उघडा, त्यातल्याच लिंकवर बोट ठेवा आणि सहावं पान खरोखर जिन्याचंच निघतंय ना, ते बघा.