चार मापं आणि एक निकाल

आयरिसच्या दीडशे फुलांची मापं संख्याशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातून एकदा तरी जातात. वनस्पतिशास्त्रज्ञ एडगर अँडरसन यांनी ती घेतली आणि रोनाल्ड फिशर यांनी १९३६ च्या निबंधात वापरली. सेटोसा, व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका या तीन जाती, प्रत्येकीची पन्नास फुलं. निदलाची लांबी-रुंदी आणि पाकळीची लांबी-रुंदी अशी दर फुलाची चार मापं.

जाती खरंच वेगळ्या आहेत का, हे चार मापांवर चार वेळा तपासता येतं. पण दर चाचणीत पाच टक्के खोट्या इशाऱ्याची मुभा ठेवली आणि मापं परस्परांपासून स्वतंत्र असली, तर चारांपैकी निदान एकदा फसण्याची शक्यता साडेअठरा टक्क्यांवर जाते. इथे मापं एकमेकांशी बांधलेली असल्याने नेमका आकडा असा सरळ काढताही येत नाही. मॅनोव्हा चारही मापं एकत्र धरून एकच प्रश्न विचारतं: या चौकडीच्या सरासऱ्या तिन्ही जातींत सारख्या आहेत का?

उत्तर लिहिताना 'मॅनोव्हा सार्थ आला' एवढ्यावर भागत नाही. विल्क्स, पिल्लई, हॉटेलिंग-लॉली, रॉय असे चार निकष आहेत आणि कोणता वापरला हे सांगावं लागतं. आयरिसमध्ये मापांचा विखुरलेपणा आणि त्यांचे परस्परसंबंध जातीनुसार बदलतात. बॉक्सची चाचणी ते स्पष्ट दाखवते. अशा वेळी पिल्लई यांचा निकष जास्त सोशिक ठरतो, आणि गट सारख्या आकाराचे असल्याने तो निश्चिंतपणे घेता येतो. (हे पिल्लई मूळचे केरळचे.) अहवालातलं वाक्य मग असं होतं: पिल्लई ट्रेस = १.१९, एफ (८, २९०) = ५३.४७, पी < ०.००१. तीन गट आणि चार मापं असताना हा ट्रेस जास्तीत जास्त २ होऊ शकतो, त्यामुळे १.१९ हा फरक मोठाच.

यानंतर बहुतेक संशोधक प्रत्येक मापाची वेगळी चाचणी घेतात आणि 'मॅनोव्हा सार्थ होता, म्हणून पुढच्या चाचण्या सुरक्षित' असं कारण देतात. कारण ऐकायला बरं वाटतं, पण ते लंगडं आहे. मॅनोव्हाचं फाटक खोट्या इशाऱ्यांना अडवतं ते कोणत्याच मापात फरक नसेल तेव्हा. समजा, एकाच मापात खरा आणि ठसठशीत फरक आहे. त्याच्या जोरावर फाटक उघडतं आणि उरलेली तीन मापं प्रत्येकी पाच टक्क्यांच्या मुभेनं मोकळी आत येतात. त्यांना आवर घालायचा तर बॉनफेरोनीप्रमाणे मर्यादा चारांत वाटून ०.०१२५ करावी लागते. मात्र ही दुरुस्ती केली, की खोट्या इशाऱ्यांचा बंदोबस्त तीच करते. त्या कामासाठी आधीच्या मॅनोव्हाची गरजच उरत नाही. कार्ल ह्युबर्टी आणि जॉन मॉरिस यांनी १९८९ मध्ये हाच मुद्दा मांडला होता: प्रश्न एकेका मापाबद्दल असेल, तर सरळ एकेरी चाचण्या कराव्यात.

मग मॅनोव्हा कशासाठी? याचं उत्तर निदलाच्या लांबीत सापडतं. एकेरी चाचणीत सगळं साधं दिसतं: एफ (२, १४७) = ११९.२६; सरासरी सेटोसाची ५.०१ सेंटीमीटर, व्हर्सिकलरची ५.९४, व्हर्जिनिकाची ६.५९. म्हणजे लांब निदल दिसलं की सेटोसा नसावी. पण फिशर यांच्या पद्धतीनं चारही मापांचा जाती वेगळ्या करणारा भारित मेळ काढला, की निदलाच्या लांबीचं चिन्ह उलटं येतं. पाकळ्या सारख्याच असतील तर लांब निदल सेटोसाकडे बोट दाखवतं! एकाच जातीत मोठ्या निदलाच्या फुलाच्या पाकळ्याही सहसा मोठ्या असतात. म्हणूनच निदल लांब आणि पाकळी मात्र तोकडी, ही जोडी सेटोसाची खूण ठरते. हे चार सुट्या चाचण्यांना कधीच दिसणार नाही, कारण प्रत्येक चाचणी बाकीच्या तीन मापांकडे पाठ फिरवून बसलेली असते.

परीक्षकानं 'एकेरी चाचण्या का?' असं विचारलं, तर उत्तर संशोधनाच्या प्रश्नातून यायला हवं. जाती कोणत्या मेळानं वेगळ्या होतात हे शोधायचं असेल, तर मॅनोव्हानंतर भेददर्शक विश्लेषण करून त्याचे भारांक द्यावेत. 'निदलाच्या लांबीत फरक आहे का' हा आधीपासूनच स्वतंत्र प्रश्न असेल, तर तसं लिहून एकेरी चाचणी, वाटून घेतलेली मर्यादा आणि फरकाचा आकार द्यावा; इथे निदलाच्या लांबीतली सुमारे ६२ टक्के विविधता जातीमुळे आहे. दोन्ही प्रश्न असतील तर दोन्ही उत्तरं द्यावीत, आणि निदलाची लांबी दोन ठिकाणी दोन दिशांना का बोलते, हेही त्याच परिच्छेदात सांगावं.